स्टेटमेंटमधल्या दोन तारखा आणि ८६ रुपये ७९ पैशांचा फरक

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या धंद्यातील लहान कारखानदारांचे हिशेब लिहिताना एक गोष्ट वारंवार दिसते. बँकेचे स्टेटमेंट हाती आले की मालक शेवटच्या ओळीतील शिल्लक पाहतो, ती आपल्या वहीशी जुळली की कागद फाइलला लावतो आणि विषय संपवतो. शिल्लक जुळणे आवश्यक आहेच. पण शिल्लक तंतोतंत जुळूनही व्याज चुकीचे लागलेले असू शकते, कारण शिल्लक एका तारखेवर चालते आणि व्याज दुसऱ्या तारखेवर. या लेखात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखानदाराच्या कॅश क्रेडिट खात्याचा, म्हणजे आपण ज्याला सीसी खाते म्हणतो त्याचा, एका महिन्याचा उतारा घेऊन ही गोष्ट ओळीओळीने तपासू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून महिन्यातील इतर व्यवहार वगळले आहेत.

आधी उतारा नीट मिळवावा

पासबुकावर हे काम होत नाही. पासबुकाच्या ओळीत जागा कमी असल्याने तपशील मध्येच तुटतो, आणि बऱ्याच बँकांच्या पासबुकात एकच तारीख छापलेली असते. नेट बँकिंगमधून एक्सेल स्वरूपातला उतारा काढावा किंवा शाखेकडून दोन्ही तारखांचे रकाने असलेला उतारा मागून घ्यावा. काढताना मुदत महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत न ठेवता दोन्ही बाजूंना आठ-दहा दिवस वाढवून घ्यावी. नोव्हेंबरचे व्याज तपासायचे असले, तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडलेली एखादी नोंद नोव्हेंबरच्या दिवसांवर परिणाम करणारी असू शकते. ती का, हे पुढे येईलच.

रकान्यांची नावे प्रत्येक बँकेत थोडी वेगळी असतात. कुठे `Txn Date` आणि `Value Date` असे छापलेले असते, कुठे नुसते `Date` आणि `Value Dt`. तपशिलाच्या रकान्याला कुठे `Description` म्हणतात, कुठे `Narration`. नावे आणि जमा हे रकाने `Debit` व `Credit` किंवा `Withdrawal` व `Deposit` या नावांनी येतात. येथे एक खुलासा करून ठेवतो, कारण वाणिज्य शाखेत शिकलेली मुलेसुद्धा येथे अडखळतात. हा उतारा बँकेच्या वहीतला आहे, आपल्या वहीतला नाही. आपल्या वहीत बँक खात्याला नावे पडणारी रक्कम बँकेच्या वहीत जमा दिसते. सीसी खात्यात तर शिल्लकच बहुधा नावे असते आणि आकड्यापुढे `Dr` लिहिलेले असते. त्याचा अर्थ तेवढे पैसे आपण बँकेला देणे आहोत. म्हणून या खात्यात जमा झाली की शिल्लकेचा आकडा लहान होतो आणि पैसे काढले की मोठा होतो.

उतारा

खात्याची मर्यादा पाच लाख रुपये आणि व्याजदर वर्षाला ११ टक्के आहे. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला ३,२०,००० रुपये नावे शिल्लक होती. त्यानंतरच्या नोंदी अशा आहेत.

```
Txn Date  Value Dt  Description            Debit      Credit     Balance
07/11/25  10/11/25  CHQ DEP CTS 000412                96000.00   224000.00 Dr
10/11/25  10/11/25  NEFT DR YARN PYMT      60000.00              284000.00 Dr
11/11/25  07/11/25  O/W RTN 000412 RSN 01  96000.00              380000.00 Dr
11/11/25  11/11/25  CHQ RTN CHG              200.00              380200.00 Dr
11/11/25  11/11/25  GST ON CHG                36.00              380236.00 Dr
30/11/25  30/11/25  INT DEBIT               3361.09              383597.09 Dr
```

घडलेली हकिकत साधी आहे. परगावच्या व्यापाऱ्याने मालापोटी दिलेला ९६,००० रुपयांचा चेक शुक्रवारी, ७ नोव्हेंबरला, संध्याकाळी शाखेत भरला. शनिवार हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणून बँका बंद. रविवार तर बंदच. चेक सोमवारी क्लिअरिंगला गेला आणि व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे नसल्याने न वटता परत आला. मंगळवारी सकाळी शाखेने जमा केलेले ९६,००० रुपये पुन्हा नावे टाकले आणि वर चेक परतीचा आकार लावला. दरम्यान सोमवारी सूत व्यापाऱ्याला ६०,००० रुपये पाठवून झाले होते.

दोन तारखा कशासाठी

व्यवहार दिनांक म्हणजे ती नोंद बँकेच्या संगणकात पडली तो दिवस. शिल्लकेचा रकाना याच क्रमाने चालतो. मूल्य दिनांक म्हणजे त्या रकमेवर ज्या दिवसापासून व्याजाचा हिशेब धरायचा तो दिवस. याला आपल्याकडे सरसकट व्हॅल्यू डेट असेच म्हणतात. रोख भरणा, यूपीआय, एनईएफटी, खात्यातून खात्यात वर्ग या व्यवहारांत दोन्ही तारखा बहुधा एकच असतात. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू असल्याने तेथे सुट्टीमुळे पडणारे अंतर जवळपास नाहीसे झाले आहे.

चेकचे तसे नाही. चेक भरल्याची नोंद काही बँका लगेच करतात, पण पैसे हातात येतात ते क्लिअरिंग झाल्यावर. म्हणून वरच्या पहिल्या ओळीत व्यवहार दिनांक ७ असून मूल्य दिनांक १० आहे. या तीन दिवसांत शिल्लकेचा आकडा २,२४,००० नावे असा दिसत असला तरी बँकेच्या व्याजाच्या हिशेबात खातेदार ३,२०,००० रुपयेच देणे आहे, आणि हे योग्यच आहे. अनेक बँका आता चेक वटेपर्यंत जमा नोंदच करत नाहीत, त्यांच्या उताऱ्यात हे अंतर दिसणार नाही. शिवाय ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेकचे क्लिअरिंग दिवसभर सलग चालणारे केले आहे. दिवसाच्या ठरलेल्या वेळेत पाठवलेल्या चेकबद्दल ज्या बँकेवर तो काढलेला आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार द्यायचा असतो. त्यामुळे सकाळी भरलेल्या चेकचे अंतर बहुधा एका दिवसात मिटते. शुक्रवारी संध्याकाळी पेटीत टाकलेल्या चेकचे मात्र मिटत नाही.

बचत खात्यालाही हाच नियम लागू होतो, फक्त दिशा उलटी. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरचे व्याज रोजच्या शिल्लकेवर काढले जाते. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या काळातील सर्वांत कमी शिल्लक धरत असत. घरातील वडीलधारी मंडळी अजूनही ‘पैसे दहा तारखेच्या आत भर’ असे सांगतात ते त्यामुळे. तेव्हा एक-दोन दिवसांच्या मूल्य दिनांकाने फारसे बिघडत नसे. आता प्रत्येक दिवस मोजला जातो.

उलट नोंद कशी ओळखावी

बँकेने एकदा केलेली नोंद पुसली जात नाही. ती चुकली किंवा निष्फळ ठरली तर तेवढ्याच रकमेची दुसऱ्या बाजूची नोंद करून तिचा परिणाम शून्य केला जातो. हिलाच उलट नोंद किंवा रिव्हर्सल म्हणतात. तपशिलात `REV`, `RVSL`, `RTN`, `RET` यांपैकी काही तरी असते. पण या अक्षरांवर विसंबू नये, कारण हे संक्षेप सर्व बँकांत सारखे नाहीत. खरी ओळख दोन गोष्टींवरून पटते: रक्कम पैशापर्यंत तीच असते आणि संदर्भ क्रमांक मूळ व्यवहाराचाच असतो. आपल्या उताऱ्यात पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत चेकचा क्रमांक 000412 समान आहे आणि रक्कमही तीच आहे, म्हणून ही जोडी आहे. पेन्सिलीने दोन्ही ओळींसमोर एकच खूण करावी. एक्सेलमध्ये काम करत असल्यास शेजारच्या रकान्यात दोन्हींना एकच अंक द्यावा.

जोडी लागली की पुढचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारावा: दोन्ही नोंदींचा मूल्य दिनांक एक आहे का? उलट नोंदीचे काम मूळ नोंद जणू झालीच नव्हती अशी स्थिती आणणे हे असल्याने, दोघींचा मूल्य दिनांक एकच असला पाहिजे. दोन्ही ७ असत्या तरी चालले असते, दोन्ही १० असत्या तरी चालले असते. आपल्या उताऱ्यात जमेचा मूल्य दिनांक १० आहे आणि परतीचा ७. म्हणजे व्याजाच्या हिशेबात, कधीच न मिळालेले ९६,००० रुपये ७ तारखेलाच खात्यातून काढून घेतले गेले आणि तीन दिवसांनी जमा झाले. परतीची नोंद करताना संगणकाने मूळ नोंदीचा मूल्य दिनांक उचलण्याऐवजी व्यवहार दिनांक उचलला, किंवा कोणी हाताने तो घातला. कारण काहीही असो, परिणाम खातेदाराच्या माथी येतो.

याउलट जमा ७ ला आणि परत ११ ला धरली गेली असती, तर चार दिवसांचे व्याज खातेदाराचे वाचले असते. असे दिसल्यास ते आपले समजून चालू नये. लेखापरीक्षणात ते सापडले की बँक मागील तारखेच्या मूल्य दिनांकाने वसुलीची नोंद टाकते, आणि मग महिन्याच्या उताऱ्यात अचानक एक अनोळखी व्याजाची ओळ येते.

उलट नोंदीतून आणखी एक घोटाळा होतो. न वटलेला चेक जमेच्या बेरजेत एकदा आणि नावेच्या बेरजेत एकदा मोजला जातो. सीसी मर्यादा वाढवून घेण्यासाठी किंवा विवरणपत्रासाठी वर्षभराची जमा बेरीज काढताना हे ९६,००० रुपये वजा केले नाहीत, तर उलाढाल कागदावर फुगते आणि मग विक्रीच्या आकड्याशी मेळ बसत नाही. काही बँका उलट नोंद दुसऱ्या बाजूला न टाकता त्याच रकान्यात उणे चिन्हाने टाकतात. त्यांच्या उताऱ्यात बेरीज आपोआप बरोबर येते. आपली बँक काय करते हे एकदा पाहून ठेवावे.

तपशिलातील संक्षेप उलगडताना

तिसऱ्या ओळीतील `O/W` म्हणजे आउटवर्ड, बाहेर जाणारे क्लिअरिंग. आपण भरलेला, दुसऱ्या बँकेवर काढलेला चेक आपल्या बँकेतून बाहेर जातो, म्हणून तो परत आला तर आउटवर्ड रिटर्न. आपण दुसऱ्याला दिलेला चेक मात्र आपल्या बँकेत आत येतो. तो परत गेला तर `I/W RTN`, म्हणजे इनवर्ड रिटर्न. ही दोन अक्षरे वरवर क्षुल्लक वाटतात, पण पहिल्यात समोरच्या व्यापाऱ्याची पत गेलेली असते आणि दुसऱ्यात आपली. कर्ज देणारा अधिकारी उतारा चाळताना सर्वांत आधी दुसऱ्या प्रकारच्या ओळी शोधतो.

`RSN 01` हा परतीच्या कारणाचा अंक आहे. 01 म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, 12 म्हणजे सही जुळत नाही, 20 म्हणजे चेक देणाऱ्याने पैसे देणे थांबवले. अंक उताऱ्यात नसला तरी परतीच्या मेमोवर असतो, आणि तो मेमो शाखेतून तातडीने घेणे गरजेचे आहे. पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली कारवाई करायची असल्यास चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ही मुदत मोजताना उताऱ्यातील मूल्य दिनांकाचा काही संबंध नसतो. आपल्याला माहिती कधी मिळाली ते महत्त्वाचे, म्हणून मेमो घेतल्याची तारीख त्यावर टिपून ठेवावी.

चौथ्या आणि पाचव्या ओळी एकत्र वाचायच्या आहेत. बँकेच्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. २०० वर ३६, म्हणून एकूण २३६. काही बँका एकाच ओळीत २३६ टाकतात. आकार माफ करून घेतला, तर परत येताना दोन्ही रकमा आल्या का ते पाहावे. २०० परत येतात आणि ३६ राहून जातात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

यूपीआय आणि एनईएफटीच्या लांबलचक ओळी तिरप्या रेघा किंवा तारकांनी तोडल्या की सुट्या होतात. याच कारखानदाराच्या घरच्या बचत खात्यातील या दोन ओळी पाहा.

```
12/11/25  UPI/DR/531640718822/...   2350.00
13/11/25  UPI/REV/531640718822                2350.00
```

मधला बारा आकडी क्रमांक हा त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. त्याचे पहिले चार आकडे सहसा तारीख सांगतात: 5 म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, २०२५, 316 म्हणजे वर्षाचा ३१६ वा दिवस, जो १२ नोव्हेंबर येतो. उलट नोंद १३ तारखेला पडली तरी क्रमांकात १२ तारीखच आहे, म्हणजे ही मूळ व्यवहाराचीच परतफेड आहे. दुकानदाराने स्वतःहून पैसे परत केले असते तर तो नवा व्यवहार ठरला असता आणि त्याला नवा क्रमांक मिळाला असता. तक्रार कोणाकडे करायची, बँकेकडे की दुकानदाराकडे, हे या फरकावरून ठरते.

एनईएफटीच्या ओळीत पैसे पाठवणाऱ्या बँकेचा अकरा अक्षरी आयएफएस कोड असतो, ज्याची पहिली चार अक्षरे बँकेची आणि पाचवे नेहमी शून्य; शिवाय यूटीआर क्रमांक असतो, जो एनईएफटीत १६ आणि आरटीजीएसमध्ये २२ अक्षरांचा असतो. `ACH D` ने सुरू होणारी ओळ म्हणजे आपण दिलेल्या मँडेटवर कापलेला हप्ता, `ACH C` म्हणजे लाभांशासारखी आलेली रक्कम. याहून अधिक संक्षेप पाठ करण्यात अर्थ नाही. अनोळखी दिसलेला संक्षेप आपल्या शाखेत विचारून उताऱ्याच्या मागे लिहून ठेवावा. दोन-तीन महिन्यांत आपल्या बँकेपुरती यादी पूर्ण होते.

फसलेल्या व्यवहाराचे पैसे परत येण्याला मुदत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेली रक्कम कापली गेली पण समोरच्या खात्यात पोचली नाही, तर ती फार तर पुढच्या दिवशी परत आली पाहिजे. दुकानातील यूपीआय भरणा आणि न निघालेले एटीएमचे पैसे यांना पाच दिवस आहेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही खात्यात जमा व्हायला हवी. येथे दिवस मोजायचे ते दोन ओळींतील व्यवहार दिनांकांवरून.

अशा परतीत मूल्य दिनांक एका दिवसाने पुढे गेला तर नुकसान किरकोळ असते; २,३५० रुपयांवर ३ टक्क्यांनी एका दिवसाचे १९ पैसे होतात. पण खात्यातून फसवणुकीने पैसे गेले असतील तर गोष्ट वेगळी आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायची असते आणि तिचा मूल्य दिनांक फसवणूक झाली त्या दिवसाचा धरायचा असतो. येथे ओळीची तारीख आजची आणि मूल्य दिनांक मागचा असेल तर ते योग्य आहे. दोन्ही आजच्या असतील तर विचारणा करावी.

व्याज स्वतः काढून पाहणे

आता ३० नोव्हेंबरच्या ३,३६१.०९ रुपयांकडे वळू. एक्सेलमध्ये उतारा उघडल्यावर A मध्ये व्यवहार दिनांक, B मध्ये मूल्य दिनांक, C मध्ये तपशील, D मध्ये नावे, E मध्ये जमा आणि F मध्ये शिल्लक असे रकाने आहेत असे धरू. H रकान्यात H2 पासून १ ते ३० नोव्हेंबर या तारखा एकाखाली एक लिहाव्यात, J1 मध्ये सुरुवातीची शिल्लक नावे असल्याने -320000 लिहावी आणि I2 मध्ये पुढील सूत्र घालून खाली ओढावे.

```
=$J$1+SUMIFS(E:E,B:B,"<="&H2)-SUMIFS(D:D,B:B,"<="&H2)
```

हे सूत्र शिल्लकेच्या रकान्याकडे पाहतच नाही. त्या दिवसापर्यंत मूल्य दिनांक आलेल्या जमा आणि नावे नोंदी घेऊन त्या दिवसाची व्याजाची शिल्लक नव्याने मांडते. ३० नोव्हेंबरची `INT DEBIT` ही ओळ मात्र यादीतून काढावी, कारण तपासायचे ते तेच व्याज आहे; ती राहिली तर ३० तारखेची शिल्लक तेवढ्याने वाढते. उत्तरे सगळीकडे सारखीच आली, तर बहुधा उताऱ्यातील तारखा किंवा रकमा एक्सेलने मजकूर म्हणून घेतलेल्या असतात; त्या आधी तारीख आणि अंक स्वरूपात आणाव्यात. सूत्र न वापरता संपूर्ण उतारा मूल्य दिनांकाप्रमाणे लावून शिल्लकेचा रकाना वाचण्याचा मोह टाळावा, कारण ओळी हलल्या की तो रकाना निरर्थक होतो. वाढवून घेतलेल्या आठ-दहा दिवसांतील ओळी येथे उपयोगी पडतात. डिसेंबरमध्ये पडलेल्या पण नोव्हेंबरचा मूल्य दिनांक असलेल्या नोंदी यादीत राहू द्याव्यात. ऑक्टोबरमध्ये पडलेल्या नोंदी सुरुवातीच्या शिल्लकेत आधीच धरलेल्या असतात, म्हणून त्या काढून टाकाव्यात. त्यांपैकी एखादीचा मूल्य दिनांक नोव्हेंबरचा असेल, तर मात्र ती यादीत ठेवावी आणि तेवढी रक्कम J1 मधून बाजूला करावी.

उताऱ्यात आहेत तसेच मूल्य दिनांक धरले तर १ ते ६ नोव्हेंबर रोज ३,२०,००० नावे येतात. ७, ८ आणि ९ ला ४,१६,००० नावे. १० ला ३,८०,००० आणि ११ पासून ३० पर्यंत रोज ३,८०,२३६ नावे. तिसाही दिवसांची बेरीज १,११,५२,७२० होते. तिला ११ ने गुणून ३६,५०० ने भागले की ३,३६१.०९ येतात, म्हणजे बँकेने हाच हिशेब केला आहे हे सिद्ध होते. आता तिसऱ्या ओळीचा मूल्य दिनांक १० करून पाहावे. ७ ते ९ या तीन दिवसांची शिल्लक पुन्हा ३,२०,००० होते, बेरीज १,०८,६४,७२० वर येते आणि व्याज ३,२७४.३० निघते. फरक ८६ रुपये ७९ पैसे.

येथे ४,१६,००० या आकड्याकडेही लक्ष द्यावे. शिल्लकेच्या रकान्यात तो कुठेही नाही, तेथे महिनाभरात व्याजापूर्वीची सर्वांत मोठी शिल्लक ३,८०,२३६ आहे. पण मर्यादा पाच लाखांऐवजी चार लाख असती, तर व्याजाच्या हिशेबात खाते तीन दिवस मर्यादेबाहेर गेले असते आणि जादा रकमेवर दंडात्मक आकार लागण्याची वाट मोकळी झाली असती. चेकची रक्कम मोठी आणि मर्यादा काठावर असलेल्या खात्यांत खरा फटका तेथे बसतो.

शाखेकडे जाताना

हा कारखानदार शाखेत गेला तेव्हा त्याला पहिले उत्तर मिळाले, ‘मालक, शिल्लक तर बरोबर आहे ना?’ शिल्लक खरोखरच बरोबर होती, म्हणून तोंडी वाद तेथेच संपला. लेखी अर्जाने काम झाले. अर्जात भावना न घालता चारच गोष्टी असाव्यात: जमेच्या ओळीची तारीख, चेक क्रमांक आणि मूल्य दिनांक, परतीच्या ओळीची तारीख आणि मूल्य दिनांक, दोन्हींमधील दिवसांवर लागलेले व्याज, त्याच्या गुणाकारासह, आणि मागणी. मागणीचे वाक्य असे लिहिता येईल:

‘चेक क्र. 000412 च्या परतीच्या नोंदीचा मूल्य दिनांक मूळ जमा नोंदीप्रमाणे १०/११/२०२५ करण्यात यावा आणि रु. ९६,००० वर तीन दिवसांचे ११ टक्के दराने जादा आकारलेले रु. ८६.७९ व्याज ३०/११/२०२५ या मूल्य दिनांकाने परत जमा करण्यात यावे.’

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेची पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर तक्रार करता येते. तेथे ही पोच आणि उताऱ्याचे पान दोन्ही लागतात. आपले खाते नागरी सहकारी बँकेत असेल, तर ती बँक या योजनेत मोडते का, हे त्याच संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावे.

या खात्यात दुरुस्ती ९ डिसेंबरला पडली. ८६.७९ रुपये जमा झाले, तपशिलात `INT ADJ` असे आले, आणि दोन्ही तारखा ०९/१२/२५ होत्या. म्हणजे व्याज परत करतानाही मूल्य दिनांक चुकला. ३० नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या नऊ दिवसांचे ८६.७९ रुपयांवरचे व्याज २४ पैसे होते. ते त्याने सोडून दिले; पण उताऱ्यात त्या ओळीसमोर पेन्सिलीने २४ हा आकडा लिहून ठेवला आहे.